गोळी तीच, आकडा वेगळा

थायरॉइडच्या गोळीच्या बाटलीवर नावाखाली एक आकडा असतो: २५, ५०, ७५, १००, १२५. हे मायक्रोग्रॅम आहेत. एकाच कंपनीच्या या बाटल्या आकाराने सारख्या असतात आणि दुकानात बहुधा एकाच कप्प्यात शेजारी-शेजारी उभ्या असतात.

समजा, बासष्ट वर्षांच्या, हृदयविकार असलेल्या एका बाईंना डॉक्टरांनी २५ची गोळी लिहून दिली आणि मेडिकलमधून १२५ची बाटली आली, म्हणजे पाचपट डोस. पहिल्या दिवशी काहीच जाणवत नाही. हे औषध शरीरात हळूहळू साठत जातं, त्याचं प्रमाण निम्म्यावर यायलाच सुमारे आठवडा लागतो. दोन-तीन आठवड्यांनी छातीत धडधड, हाताला कंप, झोप उडणं, घाम, जुलाब सुरू होतात. वयामुळे होत असेल, असं घरचे म्हणतात. बाटलीत शंभर गोळ्या असल्याने कोणी पाहिलं नाही तर चूक तीन महिन्यांहून अधिक चालू राहते. हृदय कमजोर असेल तर एवढ्या काळात ठोके अनियमित होण्याचा धोका खरा आहे.

चूक लक्षात आली की पहिला फोन डॉक्टरांना करायचा. गोळी किती दिवस थांबवायची, ईसीजी काढायचा का, टीएसएच कधी तपासायचं, हे ते सांगतील. गोळी बंद केली तरी त्रास लगेच ओसरत नाही, हेही लक्षात ठेवावं.

मग दुकान. तिथे बहुतेक जण रागाच्या भरात बाटली काउंटरवर ठेवतात, दुकानदार माफी मागून बदलून देतो आणि पुरावा त्याच्या कपाटात परत जातो. बाटली देऊ नये. ती, उरलेल्या गोळ्या, बिल आणि डॉक्टरांची चिठ्ठी यांचे फोटो काढून मूळ वस्तू घरीच ठेवाव्यात.

त्यानंतर बिल आणि बाटली शेजारी ठेवून वाचावं, कारण चूक कुठे झाली हे तिथेच कळतं. बिलावर १२५ छापलं असेल, तर चिठ्ठी वाचताना किंवा संगणकावर नाव निवडताना चूक झाली. बिलावर २५ आणि हातात १२५ असेल, तर कप्प्यातून चुकीची बाटली उचलली गेली आणि देताना कोणी पडताळली नाही. बिलावरचा बॅच नंबर बाटलीवरच्या नंबराशी जुळत नसेल, तर ही दुसरी शक्यता पक्की होते. दोन्ही चुकांवरचे उपाय वेगळे आहेत, म्हणून पत्रात हे आधी यायला हवं. मालकाला लिहायचं पत्र साधारण असं असावं:

‘आपल्या दुकानातून घेतलेल्या थायरॉइडच्या गोळ्यांबाबत लिहीत आहे. चिठ्ठीत आणि आपल्या बिलात २५ मायक्रोग्रॅम आहे, मिळालेली बाटली १२५ची आहे. दोन्हींचे बॅच नंबर वेगळे आहेत. मी ही गोळी एकोणीस दिवस घेतली, त्यानंतर धडधड व कंप यांमुळे डॉक्टरांना दाखवलं. त्यांची नोंद सोबत जोडली आहे. बाटली माझ्याकडे आहे, आपण येऊन पाहू शकता.

आपल्या साठ्यात १२५ची एक बाटली हिशेबापेक्षा कमी आणि २५ची एक जास्त भरते का, हे कृपया तपासावं. आणखी कोणाला अशी बाटली गेली असेल, तर त्यांना कळवावं. औषध दिलं तेव्हा नोंदणीकृत फार्मासिस्ट हजर होते का, आणि बाटली बिलाशी व मूळ चिठ्ठीशी कोणी पडताळली, हे मला लेखी कळवावं. यापुढे २५ आणि १२५च्या बाटल्या वेगळ्या कप्प्यांत ठेवाव्यात आणि देताना आकडा मोठ्याने वाचून ग्राहकाला दाखवावा, अशी विनंती आहे. पंधरा दिवसांत उत्तराची अपेक्षा करते.’

काउंटरवरच्या मुलाला काढून टाका, अशी मागणी या पत्रात नाही आणि ती नसावीच असं मला ठामपणे वाटतं. नवा मुलगा त्याच कप्प्यात हात घालेल. शिवाय कायद्याने ही जबाबदारी त्या मुलाची नाहीच. १९४८च्या फार्मसी कायद्यानुसार चिठ्ठीवरचं औषध देण्याचं काम नोंदणीकृत फार्मासिस्टचं आहे आणि ते त्याच्या प्रत्यक्ष देखरेखीखाली व्हावं, असं औषध नियम सांगतात. दुकानात भिंतीवर प्रमाणपत्र आणि खुर्ची रिकामी, हे दृश्य आपल्याला सवयीचं झालंय. म्हणून हजेरीचा प्रश्न लेखी विचारायचा.

पत्राची पोच दुकानाच्या शिक्क्यासह घ्यावी किंवा ते स्पीड पोस्टाने पाठवावं. मुदतीत उत्तर आलं नाही, तर तेच पत्र जोडून अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्हा कार्यालयात तक्रार देता येते. तिथले औषध निरीक्षक दुकानाचं खरेदी-विक्रीचं दप्तर पाहू शकतात. उपचारांचा खर्च आणि भरपाई मागायची असेल, तर त्यासाठी ग्राहक आयोग आहे. तिथे सर्वसाधारणपणे दोन वर्षांच्या आत जावं लागतं.