कमळकाकडी कच्ची खावी का?

उल्हासनगरच्या भाजीबाजारात सिंधी गिऱ्हाईक कमळकाकडी घेताना आधी तिची टोकं बघतं. दोन्ही टोकांना गाठ शाबूत असेल तर आतल्या नळ्यांत चिखल शिरलेला नसतो. टोक उघडं असेल तर गाळ थेट आतपर्यंत गेलेला असतो, आणि तो वरवर धुऊन निघत नाही.

ही काकडी मुळातच विषारी नाही. कोवळी असेल तर कच्चीही चावता येते. करकरीत, किंचित तुरट लागते. खरी अडचण ती वाढते त्या पाण्याची. तळ्यात सांडपाणी किंवा डुकरांची विष्ठा मिसळत असेल, तर आतड्यातल्या एका चपट्या कृमीची अंडी तिथे पोचतात. त्यातून निघालेली पिल्लं आधी गोगलगायीत वाढतात, मग पाणवनस्पतींवर बारीक कोश करून चिकटतात. असा कोश कच्च्या भाजीबरोबर पोटात गेला की कृमी आतड्यात वाढते. पोटदुखी आणि जुलाब सुरू होतात. कोश इतका लहान की डोळ्यांनी हुडकणं व्यर्थच. उकळत्या पाण्यात मात्र तो टिकत नाही.

म्हणून आधी सोलून चकत्या कराव्यात, नळ्यांत पाण्याची धार सोडावी आणि पाणी नितळ येईपर्यंत धुवावं. चकत्या नुसत्या व्हिनेगरमध्ये बुडवल्याने काळ्या पडत नाहीत, पण कोश मरतील याची खात्री नसते. कोशिंबीर करायची असली तरी आधी चांगल्या उकळून घ्याव्यात. जून काकडीला तर कुकरच बरा. शिजूनही ती करकरीत राहते, हे तिचं वैशिष्ट्य. त्यामुळे कच्ची खाण्याचा अट्टहास मला तरी कळत नाही.