जॉर्जेट आधी निवतं, मग कापतात

वऱ्हाडातल्या शिवणाऱ्या हातांना सवय सुती कापडाची. ते टेबलावर टाकलं की टाकल्या जागी राहतं, बोटाने घडी मारली की घडी टिकते. लग्नसराईत मात्र नांदगाव पेठच्या बिझीलँडमधून, अकोल्याच्या गांधी रोडवरून जॉर्जेट आणि शिफॉन घराघरांत येतं, आणि तेच हात बावरतात. राजापेठेत शिवणकाम करणाऱ्या एका काकूंकडे मी जॉर्जेटचा अंब्रेला घेर पहिल्या घडीपासून काठापर्यंत होताना पाहिला. अकोल्याच्या एका लग्नातल्या नवरीच्या बहिणीसाठीचं काम होतं ते, मे महिन्यातलं.

कापड उलगडलं आणि काकूंनी कात्री हातात घेतलीच नाही. टेबलावर सगळं सैल पसरून त्या दुसऱ्या कामाला लागल्या. मी विचारलं तर म्हणाल्या, "ओढू नोका त्याले. आपल्या जागी बसू द्या पयले, मंग कापू."

यामागे कारण आहे. जॉर्जेटच्या धाग्याला जबर पीळ दिलेला असतो, एका धाग्याला उजवा तर शेजारच्याला डावा. पीळ दिलेली दोरी सैल सोडली की अंगाशी वळते, तसा हा प्रत्येक धागा आखडायला बघतो. त्यातून कापडावर ती बारीक खरखर येते. शिफॉनमध्येही पीळच असतो, फक्त धागा आणखी बारीक आणि वीण आणखी विरळ. अशी विरळ वीण तिरपी ओढली की चौकोनाचा शंकरपाळा होतो, आणि ते डोळ्यांना दिसतही नाही. कापड हातातून निसटतं हा त्रास लहान. खरा घोटाळा असा की ओढलेल्या अवस्थेत कापड सुबक कापलं जातं, तासाभराने ते मूळ जागी परततं आणि कळी वाकडी निघते. शिवताना मग दोष मशीनला जातो.

म्हणून पहिलं काम उभा-आडवा धागा सरळ करण्याचं. काकूंनी टोकाला काठाजवळ छोटी चीर दिली, एक आडवा धागा चिमटीत धरून हळूहळू ओढला. कापडावर त्याची बारीक रेघ उमटली आणि त्या रेघेवर टोक कापलं. दुकानदाराने कापलेलं टोक यात दोनेक इंच तिरकं निघालं. मग दोन्ही बाजूंचा काठ काढून टाकला, कारण काठाची वीण घट्ट असते आणि ती आतल्या सैल कापडाला आखडून धरते.

त्यानंतर खाकी कागद. टेबलभर कागद पसरून त्यावर काठाची आणि टोकाची सरळ रेघ आखली, आणि कापड त्या रेघांना लावून ठेवलं. वर्तमानपत्र चालत नाही, फिक्या रंगावर शाई उतरते. टाचण्या बारीक, आणि त्या शिलाईच्या मार्जिनमध्येच, कागदासकट टोचलेल्या. घडी घालून चार पदर एकदम कापण्याचा मोह या कापडात सोडायचा. एकच पदर, खाली कागद, आणि दोन्ही एकत्र कापायचे. कागदाच्या ताठपणामुळे कात्रीपुढे कापड पळत नाही. कात्रीचं खालचं पातं टेबलावरून उचलायचं नाही. पंखा आणि कूलर या वेळी बंद, वाऱ्याने कापड हलतं. शिवाय वऱ्हाडातल्या कोरड्या उन्हाळ्यात पॉलिस्टर जॉर्जेटवर स्थिर वीज चढते आणि ते हाताला, कागदाला, साडीला चिकटतं. काकूंनी त्यासाठी फरशी ओल्या फडक्याने पुसून घेतली होती. हवेत थोडी ओल आली की हे चिकटणं कमी होतं.

माप असं होतं: कंबर २८ इंच, घेराची लांबी ३६. पूर्ण गोलासाठी कंबरेला ६.२८ ने भागलं की त्रिज्या येते साधारण साडेचार इंच. त्यात अर्धा इंच शिलाईचा वजा केला की कापायची त्रिज्या चार. काकूंनी पावणेचार धरली. कंबरेचा हा गोल कुठे उभ्या धाग्यावर जातो, कुठे उरेब, आणि उरेब भाग हाताळतानाच वाढतो, म्हणून पाव इंच कमी. ४४ इंची पन्ह्यात दोन अर्धगोल एकापुढे एक बसतात आणि साडेचार मीटरला थोडं कापड उरतं. कंबर कापल्याबरोबर, टेबलावरून उचलण्याआधी, तिला अस्तराच्या काठाची अरुंद पट्टी कच्च्या टाक्यांनी लावून टाकली.

खळीबद्दल मी विचारलंच, कारण साबुदाण्याची खळ देऊन शिफॉन कापणाऱ्या बाया मी पाहिल्या आहेत. लिटरभर पाण्यात मोठा चमचाभर साबुदाणा पारदर्शक होईस्तोवर शिजवून गाळायचा, कापड बुडवून सपाट वाळवायचं. ते कागदासारखं ताठ होतं आणि धुतलं की खळ निघून जाते. उपाय चांगला आहे, पण साडेचार मीटर सपाट वाळवायला जागा कुठली? दोरीवर टाकलं तर वजनाने तिरपं होऊन त्याच अवस्थेत ताठ होतं, म्हणजे दुखणं पक्कं झालं. शिवाय रेशमी आणि व्हिस्कोस जॉर्जेट पाण्यात आखडतं, ते आधी भिजवून मगच मापायचं. काकू खळ फक्त शिलाईच्या कडांना ब्रशने लावतात, तीही चिंधीवर डाग पडत नाही ना हे पाहून.

मशीनवर सुई नवी, नऊ नंबरची. चौदा-सोळाची सुई सुती कापडाला ठीक, इथे ती धागा ओढून आडवी रेघ पाडते. टाका इंचाला बारा-तेरा. सुईखालची पट्टी एका बारीक छिद्राची हवी. पिको मशीनच्या रुंद फटीत सुई कापडालाच खाली ढकलते. सुरुवात कागदाच्या तुकड्यावर, दोन्ही दोऱ्यांची टोकं हातात धरून, आणि शिलाईखाली बटर पेपरची पट्टी, जी नंतर फाडून काढायची. बाजूच्या शिलाईला फ्रेंच सिलाई: उलट्या बाजू आत ठेवून पहिली टीप, मार्जिन छाटून, उलटवून दुसरी. सुटे धागे आत बंद होतात.

तरीही चुण्या पडल्याच तर? काकूंची परीक्षा मला फार आवडली. चुणी पडलेल्या जागी दर तीन-चार टाक्यांवर दोरा कापायचा. कापड लगेच सपाट झालं तर दोष दोऱ्याच्या ताणाचा. वरचं टेन्शन आणि बॉबिन दोन्ही थोडं सैल करायचं, एकच नाही. दोरा कापूनही एक पदर लांब आणि दुसरा आखूड राहिला, तर मशीनच्या दात्यांनी खालचा पदर जास्त ओढला आहे. तिथे पायाचा दाब कमी करायचा आणि कापड पुढून-मागून सारखं धरायचं. स्क्रू फिरवत बसणारे बरेच जण हा फरकच करत नाहीत.

शिवलेला घेर काकूंनी रात्रभर आणि दुसरा दिवसभर खुंटीला टांगला. बाजूच्या शिलाया उभ्या धाग्यावर असल्याने त्या तशाच राहिल्या, पण प्रत्येक अर्धगोलात जिथे उरेब येतो, अशा दोन-दोन जागी खालचा काठ इंच-दीड इंच उतरला. तो खाली फरशीपासून पट्टी लावून सारखा छाटला आणि मग पिको. आधीच पिको केला असता तर लग्नात चार कोपरे लोंबले असते.

बाही मात्र त्यांनी नवरीच्या बहिणीला हवी तशी घट्ट केली नाही. या गुळगुळीत धाग्यांची विरळ वीण ताण आला की टिपेपासून सरकते आणि फट पडते, टीप कितीही नीट असो. "अस्तर लावा, नाहीतर ढिली घ्या," त्या म्हणाल्या. ताईंनी अस्तर लावून घेतलं.