‘हे पुस्तक वाचा’ असं मुलाखतीत सांगितलं तर

चाकणच्या एखाद्या सुट्या भागांच्या कारखान्यात प्रॉडक्शन प्लॅनिंगच्या जागेसाठी मुलाखत चालली आहे असं समजा. समोर प्लॅन्ट हेड. उमेदवार मेकॅनिकलचा डिप्लोमा केलेला, तीन-चार वर्षं एका लहान व्हेंडरकडे काढलेला. प्रश्न येतो, “डिस्पॅच दर महिन्याला लेट होतोय. तुम्ही आलात तर पहिलं काय कराल?” उमेदवार म्हणतो, सगळी मशिनं पूर्ण वेळ चालवू, गरज पडली तर रविवारी ओव्हरटाइम लावू. प्लॅन्ट हेड कागदावर काहीतरी खरडतात आणि उठता उठता विचारतात, “गोल्डरॅटचं ‘द गोल’ वाचलंय का? नसेल तर वाचा.”

बाहेर पडल्यावर बहुतेक जण पुस्तकाचं नाव तेवढं मोबाइलमध्ये टिपून घेतात. ते नाव कोणत्या प्रश्नानंतर आलं, हे मात्र कुणी लिहून ठेवत नाही, आणि खरी किंमत तर त्याचीच असते. मुलाखत घेणारा माणूस उगाच पुस्तकं वाटत बसत नाही. तुमच्या उत्तरात त्याला एक जागा रिकामी दिसलेली असते. ती तोंडावर दाखवण्याऐवजी तो पुस्तकाकडे बोट करतो. म्हणून नंतर पाठवायचा मेल पुस्तकाबद्दल कमी आणि त्या अर्धवट राहिलेल्या उत्तराबद्दल जास्त असायला हवा.

मेल दोन लागतात. पहिला त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी: वेळ दिल्याबद्दल आभार आणि ‘पुस्तक मिळवलं आहे, वाचायला घेतो’ एवढी एक ओळ. दुसरा चार-पाच दिवसांनी, निर्णय व्हायच्या आत. पुस्तक मोठं असेल तर ते संपेपर्यंत थांबू नये. कुठवर वाचलं ते सरळ सांगावं, त्यात कमीपणा काही नाही. न वाचलेलं वाचल्यासारखं दाखवलं तर दुसऱ्या फेरीत पहिल्या दोन प्रश्नांतच उघडं पडतं.

आता वाचायचं काय? ‘द गोल’ ही कादंबरी आहे. मूळचे भौतिकशास्त्रज्ञ असलेले इस्रायली लेखक एलियाहू गोल्डरॅट यांनी जेफ कॉक्स यांच्यासोबत ती लिहिली आणि 1984 मध्ये ती प्रसिद्ध झाली. ॲलेक्स रोगो नावाच्या मॅनेजरला कारखाना सावरायला तीन महिने मिळतात, नाहीतर टाळं. मधे तो मुलाच्या स्काउट पथकाबरोबर पायी सहलीला जातो. हर्बी नावाचा मुलगा सगळ्यांत हळू चालतो आणि त्याच्यामुळे रांग लांबत जाते. पुढचे कितीही भरभर चालले तरी पथक मुक्कामी पोचणार हर्बीच्याच वेगानं. ॲलेक्स त्याला रांगेत पुढे आणतो, त्याच्या पाठीवरचं ओझं इतरांत वाटतो, आणि सगळं पथक वेगानं चालू लागतं. परत आल्यावर तो कारखान्यातला हर्बी शोधतो. तिथं दोन निघतात: एक स्वयंचलित मशीन आणि हीट ट्रीटमेंटची फर्नेस.

हे एवढं मेलमध्ये लिहिलं तर ते वाया गेलं, कारण प्लॅन्ट हेडनी पुस्तक वाचलेलं आहे. त्यांना गोष्ट परत ऐकायची नाही. ‘पुस्तक फारच प्रेरणादायी वाटलं’ हे वाक्य तर पुस्तकाच्या पाठीवरचा मजकूर वाचूनही लिहिता येतं, आणि वाचणाऱ्याला ते लगेच कळतं.

उपयोगी पडतात त्या आतल्या बारीक गोष्टी. त्या कारखान्यात फर्नेसमधला माल तयार होऊनही बाहेर काढायला माणसं जागेवर नसतात, कारण त्यांना दुसरीकडे कामाला पाठवलेलं असतं. शिवाय तपासणी अडणाऱ्या मशीनच्या आधी करावी, असं ॲलेक्सला सुचवलं जातं. हा मुद्दा आपल्या उमेदवारानं उचलला असं धरू. फर्नेसमधून तासाला 40 नग निघतात आणि त्यांतले 4 फायनल इन्स्पेक्शनला रिजेक्ट होतात. दोष मात्र आधीच्या टर्निंगमधला. म्हणजे फर्नेसचा दहावा हिस्सा वेळ आधीच बाद असलेला माल भाजण्यात जातो. तेच नग फर्नेसच्या दारात तपासून बाजूला काढले आणि त्यांच्या जागी चांगले भरले, तर दोन शिफ्टच्या 16 तासांत 64 नग जादा हाती येतात. नवीन मशीन नाही, रविवार नाही.

कारखान्यातला मेल सहसा साध्या इंग्रजीत जातो. त्याचा मजकूर मराठीत असा होईल:

“सर, डिस्पॅच लेट होण्याबद्दल तुम्ही विचारलं तेव्हा मी सगळी मशिनं पूर्ण चालवायचं म्हणालो होतो. ‘द गोल’ निम्म्याहून थोडं जास्त वाचून झालं आहे. आता तोच प्रश्न आला तर मी आधी माल कुठे साठून राहतो ते पाहीन. फर्नेसपाशी साठत असेल तर तिच्या आधीच्या मशिनांना ओव्हरटाइम लावून ढीग तेवढा वाढेल. त्याआधी फर्नेसमध्ये जाणारा प्रत्येक नग चांगला आहे का आणि ती माणसांअभावी थांबते का, हे तपासेन. एक शंका आहे: केस हार्डनिंगनंतर येणारा वाक आधी तपासून कळत नाही, तेव्हा तिथं काय करता?”

बस्स, एवढंच. शेवटची शंका मला त्यातली सगळ्यांत जमलेली ओळ वाटते. पुस्तकातला उपाय कुठे अपुरा पडतो हे तिथं दिसतं, आणि शॉप फ्लोअरवर उभा राहिलेल्यालाच ते सुचतं. लेखकाशी असहमत असलात तरी चालतं, फक्त ते असं एका नेमक्या जागी असावं. पुस्तकाचा पानभर समाचार घेतला तर मेल शेवटपर्यंत वाचलाच जात नाही.

एक पथ्य मात्र कडक पाळावं. सध्याच्या कंपनीचे खरे रिजेक्शनचे आकडे, ग्राहकांची नावं, पार्टचे नंबर यातलं काही मेलमध्ये येऊ देऊ नये. जो उमेदवार जुन्या मालकाचे आकडे इथं सांगतो, तो उद्या आमचे बाहेर सांगेल, हा हिशोब कुणीही लगेच करतो. ‘माझं काही ठरलं का’ हा प्रश्नही याच मेलला जोडू नये. तो एचआरला वेगळा विचारावा. प्लॅन्ट हेडचा पत्ता नसेल तर मेल एचआरकडे देऊन पुढे पाठवण्याची विनंती करता येते.

यानं नोकरी मिळतेच असं नाही. बऱ्याच मोठ्या कंपन्यांत मुलाखत संपताच गुण भरले जातात आणि मेल त्यानंतर पोचतो. मुलाखतच फसली असेल तर तो काही उचलून धरत नाही. फरक पडतो तो दोन उमेदवार जवळपास सारखे असताना, किंवा पुढची फेरी त्याच माणसाबरोबर असताना.

त्या फेरीसाठी उरलेलं पुस्तक वाचून ठेवलेलं बरं. तिथं अडणाऱ्या मशिनांकडे जाणाऱ्या मालाला लाल पट्टी लावतात आणि तो सगळीकडे आधी घेतात. काही दिवसांनी हिरव्या पट्टीचा साधा मालच असेंब्लीला मिळेनासा होतो. नवीनच मशिनं अडायला लागली असं सगळ्यांना वाटतं. खरं कारण असं की लाल माल गरजेपेक्षा जास्त सोडला जात असतो. प्लॅन्ट हेड विचारतील तो प्रश्न बहुधा हाच: “फर्नेस सुटली. आता पुढे कुठे अडेल?”