पावणेपाच तासांचा साक्षीदार

सोलापूरहून पुण्याला, हैदराबादला किंवा विजापूरला रोज पळणाऱ्या गाड्यांच्या काचेवर आता आरशाशेजारी एक छोटा कॅमेरा दिसू लागला आहे. ट्रकवाले, टुरिस्ट गाड्यांचे मालक, स्वतःची गाडी चालवणारे डॉक्टर आणि वकील, सगळ्यांनाच धडक झाल्यावर ‘चूक कोणाची’ हा वाद नको असतो. यातले स्वस्त कॅमेरे बहुतेक चिनी बनावटीचे असतात. डबा उघडून वायर लायटरच्या सॉकेटात खुपसली की पडदा उजळतो आणि समोर चिनी अक्षरं येतात. मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू अशा चार भाषा रोज कानावर पडणाऱ्या या शहरातल्या माणसाला त्यातलं एक अक्षरही लागत नाही. मग तो कॅमेरा आहे तसाच चालू ठेवतो. तिथेच घात होतो, कारण या मेनूतल्या दोन ओळी नीट कळल्याशिवाय कॅमेरा असून नसल्यासारखा आहे.

पहिली ओळ लूप रेकॉर्डिंगची. कॅमेरा दिवसभराचा एक लांबलचक व्हिडिओ करत नाही. तो एक, तीन किंवा पाच मिनिटांचे तुकडे पाडतो. कार्ड भरलं की सगळ्यात जुना तुकडा पुसतो आणि त्या जागी नवा लिहितो. लूप बंद असेल तर पुष्कळ कॅमेरे कार्ड भरताच चित्रण थांबवतात. पडदा चालू, चित्र दिसतंय, पण नोंद होत नाही.

आता हिशेब करू. साधा १०८० रेषांचा कॅमेरा सेकंदाला १५ मेगाबिट या दराने लिहितो असं धरलं, तर मिनिटाला सुमारे ११२ एमबी होतात. ३२ जीबीच्या कार्डात २८४ मिनिटं, म्हणजे साधारण पावणेपाच तास मावतात. मागच्या काचेवर दुसरा कॅमेरा असेल तर जवळजवळ त्याच्या निम्मे. कार्डाची आठवण एवढीच.

समजा, कार्ड आधीच भरलेली एक गाडी पहाटे सहाला सोलापुरातून निघाली. पाऊण तासाने मोहोळजवळ एक दुचाकी घासून गेली. जुजबी खरचटलं, बोलाचाली झाली, गाडी पुढे निघाली. वाटेत अर्धा तास चहाला थांबून पावणेअकराला पुणं आलं. इंजिन बंद असताना कॅमेराही बंद राहिला, म्हणून चित्रण झालं सव्वाचार तासांचं. पुण्यातल्या कामांत आणखी पाऊण तास गाडी फिरली. संध्याकाळी परतीला लागल्यावर अर्ध्या तासात सकाळचा मोहोळचा तुकडा पुसला गेला. चार दिवसांनी नुकसानभरपाई मागणारा फोन आला तेव्हा कार्डात त्या सकाळचं काहीही उरलेलं नव्हतं. कॅमेरा बिघडला नव्हता, त्याने नेमून दिलेलं कामच केलं होतं.

मालक मात्र म्हणतो, ‘धक्का बसला की तो तुकडा आपोआप लॉक होतो ना?’ होतो, आणि लूप लॉक केलेल्या तुकड्याला सहसा हात लावत नाही. पण धक्का ओळखणारा सेन्सर जास्त हळवा ठेवला तर प्रत्येक गतिरोधक आणि प्रत्येक खड्डा त्याला अपघात वाटतो. लॉक झालेले तुकडे साचत जातात, फिरत्या चित्रणाची जागा आकसते आणि काही कॅमेऱ्यांवर शेवटी ‘कार्ड भरलं’ असा इशारा येऊन काम ठप्प होतं. उलट दुचाकी नुसती घासून गेली तर तो धक्का सेन्सरला जाणवेलच असं नाही. आपल्या रस्त्यांना सेन्सर ‘कमी’वरच बरा. मेनूत ही ओळ 重力感应 अशी दिसते आणि कमीसाठी 低 निवडायचं. महत्त्वाचा प्रसंग आपणच लॉकचं बटण दाबून राखावा.

मेनूत शिरण्याआधी चित्रण थांबवावं लागतं, नाहीतर मेनूचं बटण दाबून काही होत नाही. एकदा दाबलं की व्हिडिओची पानं येतात, पुन्हा दाबलं की कॅमेऱ्याच्या सर्वसाधारण सेटिंगची. लूपची ओळ पहिल्या भागात असते: 循环录像. आत शिरल्यावर 关 म्हणजे बंद, आणि खाली 1分钟, 3分钟, 5分钟 असे पर्याय. तीन मिनिटं ठेवावीत. मिनिटांचे असेच पर्याय दुसऱ्या भागातही दिसतात, पण ते कॅमेरा आपोआप बंद होण्याचे किंवा पडदा मिटण्याचे असतात. नुसते आकडे पाहून बोट ठेवलं तर लूप बंदच राहतो आणि तीन मिनिटांनी पडदा काळा होतो.

भाषेची ओळ, 语言 किंवा 语言设置, याच दुसऱ्या भागात सापडते. आतल्या यादीत प्रत्येक भाषा आपापल्या लिपीत लिहिलेली असते, त्यामुळे English चटकन डोळ्यांना दिसतं. मराठी सहसा नसते. धोका असा की अनेक स्वस्त कॅमेऱ्यांत त्याच भागात, चार-पाच ओळी खाली, 格式化 असतं, आणि त्याला लागून 默认设置. हे दुसरं सगळी सेटिंग मूळपदावर नेतं. भाषा पुन्हा चिनी होते, पण चित्रणं राहतात. पहिलं म्हणजे फॉरमॅट, सुरुवातीला म्हटलेल्या दोन ओळींपैकी दुसरी. त्यावर खटका दाबला की चौकट येते: 所有数据将被删除, सगळा डेटा पुसला जाईल. खाली 确定 म्हणजे हो आणि 取消 म्हणजे रद्द. यातलं आधीपासून कोणतं उजळलेलं असेल हे कॅमेऱ्यागणिक वेगळं असतं. चौकट वाचता येत नाही म्हणून ओके ओके करत पुढे जाणारा माणूस इथे अडकतो. फॉरमॅट लॉक केलेले तुकडेही सोडत नाही.

तरी फॉरमॅट टाळून चालत नाही. किल्ली फिरवताच वीज तुटते, अर्धवट तुकडे राहतात, कार्डावरची नोंद विस्कटते. त्यात मे महिन्यात सोलापूरचं तापमान ४३–४४ अंशांवर जातं आणि उन्हात उभ्या गाडीची काच त्याहून कितीतरी जास्त तापते. म्हणून हवं ते चित्रण संगणकावर उतरवून महिन्यातून एकदा कॅमेऱ्यातच फॉरमॅट मारावा, कारण बऱ्याच कॅमेऱ्यांना आपल्याच पद्धतीची मांडणी लागते. नंतर मेनूतून बाहेर येऊन चित्रणाचं बटण दाबायला विसरू नये. लाल ठिपका लुकलुकला तरच नोंद सुरू झाली. आणि अधूनमधून सगळ्यात नव्या तुकड्याची तारीख पाहावी. गाडी रोज धावते आणि शेवटचा तुकडा मागच्या महिन्याचा असेल, तर बहुधा कार्ड थकलं आहे किंवा लूप बंद आहे.

चुकून फॉरमॅट झालाच तर लगेच सगळं संपत नाही. सातबाऱ्यावरचं नाव खोडलं तरी जमीन जागेवर असते, तसं चित्रण बहुधा कार्डातच पडून असतं. त्यावर नवीन लिहिलं गेलं की मात्र गेलं, आणि पावणेपाच तास गाडी धावली की सगळं गेलं. म्हणून त्याच क्षणी वीज तोडून कार्ड काढावं. डेटा परत काढणाऱ्याकडे दिलं तरी तुकडे कार्डावर विखुरलेले असतील तर ते जोडून चालतीलच याची खात्री नसते.

अपघातानंतरही हेच पथ्य पाळा. मेनूत शिरू नका, चित्रण थांबवा, कॅमेरा बंद करा, कार्ड काढून पाकिटात ठेवा आणि दुसरं घाला. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ नुसार अशी इलेक्ट्रॉनिक नोंद कोर्टात देताना प्रमाणपत्र जोडावं लागतं, त्यामुळे व्हॉट्सअ‍ॅपवर फिरलेल्या कापलेल्या क्लिपपेक्षा मूळ कार्ड हाताशी असणं केव्हाही चांगलं. त्यासाठी एक रिकामं कार्ड गाडीच्या कप्प्यात आजच ठेवून द्या.