नितंब रुंद, धड आखूड: जीन्स निवडायची कशी?

दुकानात आपण कमरेचा आकडा सांगतो आणि विक्रेता त्या आकड्याच्या चार जीन्स पुढ्यात टाकतो. ज्यांचे खांदे अरुंद, कंबर बारीक आणि नितंब-मांड्या भरलेल्या आहेत, म्हणजे ज्यांचा बांधा 'पेअर शेप' म्हणून ओळखला जातो, त्यांचं गाडं इथेच अडतं. मांड्यांतून सहज चढणारी जीन्स कमरेला मागून पोकळ राहते. कमरेला बेताची असलेली मांड्यांवरच अडकते. यावर सगळीकडे एकच सल्ला मिळतो: हाय राइज घ्या, बारीक कंबर उठून दिसेल. पण या बांध्याला आखूड धडाची जोड असेल, तर हा सल्ला उलटा पडतो.

धड आखूड आहे का, हे घरी ताडून पाहता येतं. सरळ उभं राहा. सगळ्यात खालची बरगडी आणि कुशीला हाताला लागणारं कमरेचं हाड, यांच्या मधल्या जागेत आडवी बोटं ठेवा. दोनच बोटं मावत असतील, तर तुमच्या कमरेला जागा कमी आहे. याचा उंचीशी संबंध नाही. चांगल्या उंच बाईचेही पाय लांब आणि धड आखूड असू शकतं. अशा बाईने हाय राइज जीन्स घातली की पट्टा थेट बरगड्यांखाली येतो. उभं असताना काही वाटत नाही, पण बसलं की पट्टा पोटात रुततो. शिवाय छाती आणि पट्टा यांच्यात अंतरच न उरल्याने धड आणखी आखूड दिसतं.

आता राइज म्हणजे नेमकं काय, ते पाहू. दोन मांड्यांच्या मध्ये जिथे चार शिवणी एकत्र येतात, तिथून पुढच्या बाजूने पट्ट्याच्या वरच्या कडेपर्यंतचं अंतर म्हणजे फ्रंट राइज. पायजमा शिवणारे शिंपी ज्याला आसन म्हणतात, तोच हा भाग. साधारणपणे आठ इंचांच्या आत लो, नऊच्या आसपास मिड आणि दहाच्या वर हाय असं धरतात. मात्र याला कोणतंही बंधन नाही. एका कंपनीची मिड राइज दुसरीच्या हाय राइजएवढी भरते. म्हणून लेबलवरच्या शब्दापेक्षा इंच पाहावेत. सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे घरातली त्यातल्या त्यात बरी बसणारी पँट पलंगावर सपाट पसरून तिचा राइज टेपने मोजायचा आणि तो आकडा लक्षात ठेवायचा.

बहुतेकींच्या नजरेतून सुटणारी गोष्ट आहे ती कंबर कुठे मोजायची ही. आपण टेप लावतो तो बेंबीच्या वर, सगळ्यात बारीक जागी. मिड राइज जीन्सचा पट्टा तिथे बसतच नाही. तो बेंबीच्या इंच-दीड इंच खाली बसतो आणि तिथला घेर वेगळा असतो.

एक उदाहरण घेऊ. एका मुलीची बारीक कंबर 29 इंच आणि नितंबांचा सगळ्यात मोठा घेर 41 इंच आहे. फरक 12 इंचांचा. बाजारातल्या नेहमीच्या साइझमध्ये कंबर आणि नितंब यांच्यात साधारण 10 इंचांचा फरक धरलेला असतो, त्यामुळे हाय राइजमध्ये तिला नेहमी मागे पोकळी मिळते. पण बेंबीखाली दीड इंचावर तिचा घेर 31 भरतो. तिथे पट्टा बसवला, तर फरक एकदम 10 वर येतो आणि साधी मिड राइज जीन्सही तिला बसू शकते. साडेअकरा इंच राइजची जीन्स तिच्या बरगडीपर्यंत जाते, साडेनऊ इंचांची बरोबर हवी तिथे थांबते. तिच्या नितंबांत आणि पट्ट्यात काहीही बदललं नाही, फक्त पट्ट्याची जागा बदलली.

मग अगदी लो राइज का नको? कारण भरलेल्या नितंबांवरून मागचं कापड वळसा घेऊन वर येतं आणि त्याला लांबी लागते. बॅक राइज पुढच्यापेक्षा साधारण चार इंचांनी जास्त असावा. मागे कापड कमी पडलं की खाली वाकताना जीन्स घसरते आणि दिवसभर ती वर ओढत बसावं लागतं. पट्टाही पाहून घ्यावा. पट्टा सपाट पसरल्यावर सरळ फीत दिसली, तर तो वरच्या कडेला उघडा पडणार. किंचित कमानीसारखा वळलेला पट्टा अंगाच्या उताराबरोबर बसतो. पट्ट्याखाली मागे व्ही आकारात शिवलेला जो तुकडा असतो, तो योक. त्याचं टोक जितकं खोल, तितका कंबर आणि नितंबांमधला आकार नीट पकडला जातो. काही कंपन्या 'कर्व्ही' नावाचा कट काढतात, त्यात नितंबांच्या मानाने कंबर लहान ठेवलेली असते. लेव्हीजने 2010 मध्ये 'कर्व्ह आयडी' ही मापांची पद्धत आणली, तिच्यामागेही हाच विचार होता.

पायाच्या कटबद्दल माझं मत ठाम आहे. या बांध्याला स्ट्रेट किंवा बूटकट घ्यावा. मांडीपासून घोट्यापर्यंत चिकटणाऱ्या स्किनीमध्ये पाय खाली निमुळता होत जातो, त्यामुळे नितंब आणखी रुंद दिसतात. बूटकटमध्ये गुडघ्याखाली घेर वाढतो आणि वरच्या रुंदीचा तोल साधला जातो. फक्त बूटकटचा सगळ्यात अरुंद भाग बरोबर गुडघ्याशी यायला हवा. तो खाली उतरला, तर जीन्स तुमच्यासाठी लांब आहे, आणि खालून कापली तर घेरच नाहीसा होतो. मांड्यांवर पांढुरकी घासलेली छटा असलेली जीन्सही टाळावी, नजर तिथेच जाते.

ट्रायल रूममध्ये खुर्ची किंवा स्टूल असेल तर बसून पाहाच. पट्टा आणि बरगडी यांच्यात दोन बोटं सहज जायला हवीत. उभं राहिल्यावर मांड्यांच्या सांध्यापासून बाहेर पसरणाऱ्या आडव्या चुण्या दिसल्या किंवा बाजूचे खिसे उघडे राहिले, तर जीन्स नितंबांना घट्ट आहे, ती घेऊ नका. 1 ते 2 टक्के इलास्टेन असलेलं कापड बरं. त्याहून जास्त ताणणारं कापड सकाळी अंगाला चिकटतं आणि दुपारपर्यंत गुडघ्यांवर आणि मागे सैल पडतं.

एवढं करूनही पट्टा मागे एखादा-दीड इंच उघडा राहिला, तर ते काम अल्टरवाल्याचं आहे. तो पट्टा उसवून मधली मागची शिवण आत घेतो. दोन इंचांहून जास्त आत घ्यायला लावलं, तर मागचे खिसे एकमेकांजवळ सरकतात आणि आकार बिघडतो. तेवढी गरज असेल तर ती जीन्स तुमची नाही. मात्र नितंबांना घट्ट असलेली जीन्स शिंपी सैल करून देईल, ही आशा ठेवू नका, कारण शिवणीत सोडायला कापडच नसतं. म्हणून माप नितंबांचं घ्या, राइज इंचात पाहा, आणि अल्टरला देण्याआधी जीन्स एकदा घरी धुवून वाळवा, कारण पहिल्या धुण्यात कापड आटतं.