समोरचा सर्व्हर पडलेला असताना

औषधांच्या दुकानांची एक साखळी आहे असं समजू. दिवसभरातली बिलं आणि शिल्लक साठा मिळून १२,००० नोंदी रात्री मुख्य कार्यालयाच्या सर्व्हरकडे जातात. हे काम करणाऱ्या प्रोग्रामला सगळे ‘सिंक’ म्हणतात. तो एका वेळी २० नोंदी पाठवतो, उत्तर येत नसेल तर ३० सेकंद वाट पाहतो, एका नोंदीसाठी तीनदा प्रयत्न करतो आणि तरीही जमलं नाही तर तिच्यावर ‘अयशस्वी’ असा शिक्का मारून पुढची नोंद घेतो. वाचायला हे अगदी शहाणपणाचं वाटतं. आता रात्री एक वाजता मुख्य सर्व्हर ४० मिनिटांसाठी बंद पडतो.

सर्व्हर बंद पडण्याच्या दोन तऱ्हा असतात आणि नुकसान दोन्हींत वेगवेगळं होतं. पहिल्या तऱ्हेत तो गप्प बसतो. मग प्रत्येक नोंदीमागे दीड मिनिट वाया जातं. ४० मिनिटांत पाचशेच्या वर नोंदी आपले तिन्ही प्रयत्न संपवून बाद होतात. दुसऱ्या तऱ्हेत तो लगेच नकार देतो. पडद्यावर 503 दिसतो, म्हणजे ‘सध्या सेवा देता येत नाही’. हा नकार वरवर सौम्य वाटतो, पण घात तोच जास्त करतो. एका नकाराला सेकंदाचा विसावा भाग लागला, तर आपला सिंक सेकंदाला ४०० धडका देतो आणि १२,००० नोंदींचे ३६,००० प्रयत्न अवघ्या दीड मिनिटात उधळून टाकतो. सर्व्हर परत उभा राहतो तेव्हा पाठवायला रांगेत काहीच उरलेलं नसतं. सगळ्या नोंदी ‘अयशस्वी’, आणि त्यांतल्या एकीतही काही चूक नव्हती.

ही झाली आपल्या बाजूची हानी. समोरच्याची हानी याहून गंभीर असू शकते, कारण बंद पडलेला सर्व्हर उठत असतो तेव्हाच सर्वांत दुबळा असतो. २० सप्टेंबर २०१५च्या पहाटे ॲमेझॉनच्या डायनॅमोडीबी या डेटा साठवणाऱ्या सेवेत हेच झालं. अमेरिकेच्या पूर्व भागातल्या त्यांच्या केंद्रात नेटवर्क थोडा वेळ अडखळलं. त्यामुळे साठवणुकीच्या अनेक सर्व्हरांनी, आपल्याकडे नेमका कोणता डेटा आहे याची यादी, ती देणाऱ्या आतल्या सेवेकडे एकदमच मागितली. याद्या आधीपेक्षा मोठ्या झालेल्या होत्या, त्यामुळे उत्तर ठरलेल्या वेळेत येईना. उत्तर नाही म्हणून पुन्हा मागणी, आणि पुन्हा मागणीमुळे आणखी उशीर. नेटवर्क केव्हाच सुधारलं होतं, तरी सेवा वर येत नव्हती. ताण इतका होता की नवी क्षमता जोडण्याची कामंही त्या सेवेपर्यंत पोचेनात. अखेर अभियंत्यांनी तिच्याकडे जाणाऱ्या विनंत्याच थांबवल्या, मोकळ्या झालेल्या वेळात क्षमता वाढवली आणि मग विनंत्या पुन्हा सोडल्या. त्यांनी हातानं जे केलं, ते प्रोग्रामनं स्वतःहून करावं, यासाठीच सर्किट ब्रेकर असतो.

ही कल्पना मायकेल नायगार्ड यांच्या २००७ सालच्या ‘रिलीज इट!’ या पुस्तकामुळे प्रोग्रामरांत रुजली. नाव घरातल्या विजेच्या ब्रेकरवरून घेतलेलं आहे: दोष दिसला की प्रवाह तोडायचा. फरक एवढाच, की घरातला ब्रेकर आपण हातानं वर करतो, तर हा ठरावीक वेळानं स्वतःच चाचपून पाहतो. त्याच्या तीन अवस्था असतात. जोडलेला असताना नोंदी नेहमीप्रमाणे जातात आणि तो फक्त अपयश मोजतो. अपयश ठरलेल्या मर्यादेपलीकडे गेलं की तो तुटतो. मग एकही नोंद बाहेर जात नाही. ठरलेला वेळ संपला की तो अर्धा जोडलेला होतो, म्हणजे एकच नोंद सोडून पाहतो. ती पोचली तर प्रवाह सुरू, नाही पोचली तर पुन्हा तेवढीच विश्रांती.

आपल्या दुकानांच्या सिंकमध्ये लागोपाठ पाच अपयशांनंतर तुटणारा आणि मिनिटाला एकदा चाचपणारा ब्रेकर बसवू. एक वाजता सर्व्हर पडला की वाटेत असलेल्या २० नोंदी अपयशी होऊन परत येतात आणि ब्रेकर तुटतो. त्यानंतरच्या ४० मिनिटांत समोर जातात त्या जास्तीत जास्त ४० विनंत्या. मात्र एक अट अशी की ब्रेकर वीसही वाटांसाठी एकच असायला हवा. प्रत्येक वाटेचा वेगळा ठेवला तर प्रत्येक जण आपली पाच अपयशं स्वतंत्रपणे गोळा करत बसतो.

ब्रेकर बसवणाऱ्यांची सर्वाधिक गफलत होते ती अपयश कशाला म्हणायचं यात. उत्तर न येणं, जोडणी न होणं आणि 500 च्या घरातले नकार हे समोरच्याच्या आजाराचं लक्षण, ते मोजायचे. 400 किंवा 422 आलं तर दोष त्या नोंदीत आहे: तारीख चुकीची असेल, औषधाचा क्रमांक नसेल. ती नोंद बाजूला ठेवून पुढे जायचं. हे न पाळल्यास पाच खराब बिलं सगळ्या दुकानांचा सिंक थांबवतात. 429 म्हणजे ‘तुम्ही फार वेगानं पाठवत आहात’. त्यासोबत अनेकदा Retry-After मध्ये किती थांबायचं ते लिहिलेलं असतं, तेवढं निमूटपणे थांबावं.

दुसरी गोष्ट, थांबणं म्हणजे हरणं नव्हे, हे प्रोग्रामच्या हिशेबातही दिसलं पाहिजे. परत आलेल्या २० नोंदी पुन्हा रांगेत जातात, त्यांच्या तीन प्रयत्नांतला एकही खर्ची पडत नाही आणि ‘इथवर पाठवून झालं’ ही खूण जागची हलत नाही. पण त्या २० पैकी काही नोंदी प्रत्यक्षात पोचलेल्या असू शकतात. फक्त पोच परत आली नसेल. म्हणून प्रत्येक बिलाला कायमचा क्रमांक हवा, आणि तोच क्रमांक दुसऱ्यांदा आला तर समोरच्यानं नवं बिल तयार करता कामा नये. ही सोय नसेल तर साठ्यातून तीच गोळ्यांची पाकिटं दोनदा वजा होतात.

चाचपणीसाठी काही जण सर्व्हरच्या ‘ठीक आहे का’ या पानाला विचारतात. मी ते टाळायला सांगेन. मागचा डेटाबेस बंद असतानाही ते पान खुशाल ‘ठीक’ म्हणू शकतं. खरी नोंद पाठवावी, तिचंच उत्तर खरं. ती पोचल्यावर साचलेल्या हजारो नोंदी एकदम सोडू नयेत. आधी दोन वाटा, मग पाच, मग वीस, असं वाढवत न्यावं. आणि दुकानं बरीच असतील तर सगळ्यांची चाचपणी एकाच ठोक्याला पडू नये, म्हणून प्रत्येकाच्या मिनिटात काही सेकंदांचा फरक मुद्दाम ठेवावा.

ब्रेकरमुळे एक नवा धोकाही येतो: शांतता. आरडाओरडा करणारा सिंक निदान लक्षात येतो. थांबलेला सिंक दोन दिवस कुणाच्या ध्यानात येत नाही. पडद्यावर ‘थांबवला आहे, १:०० पासून, कारण 503’ असं स्पष्ट दिसायला हवं. इशारा द्यावा तो अपयशांच्या संख्येवरून नव्हे, तर रांगेतली सर्वांत जुनी नोंद किती वेळ अडकली आहे यावरून. दुकानाच्या संगणकावर रांग किती दिवस टिकते, हेही आधी तपासावं. सात दिवसांनी जुन्या नोंदी पुसल्या जात असतील, तर ब्रेकर आठव्या दिवशी काहीही वाचवू शकत नाही.

तुमचा व्यवसाय अशा सिंकवर चालत असेल तर सॉफ्टवेअर देणाऱ्याकडे एक प्रयोग मागा. चाचणीसाठीचा समोरचा सर्व्हर सिंक चालू असताना दहा मिनिटं बंद ठेवायचा, पुन्हा सुरू करायचा आणि दोन्हीकडच्या नोंदी मोजायच्या. एकही हरवलेली नसावी, एकही दुबार झालेली नसावी, आणि त्या दहा मिनिटांत तीस-चाळीसपेक्षा जास्त विनंत्या बाहेर पडलेल्या नसाव्यात. यातलं काही एक चुकलं तर तो सिंक खऱ्या बिलांवर लावू देऊ नका.