बंद पडलेला नंबर, अडलेला ओटीपी

आईचा प्रीपेड नंबर फक्त बँकेच्या ओटीपीपुरता होता. रिचार्ज राहून गेला आणि तो बंद पडला. ट्रायच्या नियमानुसार, वापर नाही म्हणून नंबर 90 दिवसांच्या आत बंद करता येत नाही. बंद झाल्यावरही 15 दिवसांत तो परत मागता येतो. म्हणून लगेच आईच्या सहीने अर्ज दिला: ‘माझ्या नावावरचा हा नंबर अमुक तारखेपासून बंद आहे. तो बँक खात्याला जोडलेला असल्याने ओटीपी येत नाहीत. कृपया दुसऱ्या कोणाला न देता तो पुन्हा सुरू करावा.’ सोबत ओळखपत्राची प्रत जोडली, पोच घेतली.

सिम बदलून मिळाले, तर पहिले 24 तास एसएमएस येत नाहीत. फसवणूक रोखण्यासाठीच ती अट आहे. मुदत टळली असेल, तर बँकेत जाऊन नंबर बदलावा.